मॅटवर शिकलेला स्वीप टर्फवर का फसला: एका पायचीतचा तपास

प्रकरण साधं आहे. धुळ्याचा एकोणीस वर्षांचा उजव्या हाताचा फलंदाज, मधल्या फळीतला. उंची 170 सेंटिमीटरच्या आसपास. लहानपणापासून काथ्याच्या मॅटिंगवर खेळलेला, आणि फिरकीपुढे त्याचा हुकमी फटका स्वीप. एप्रिलमध्ये जळगावात एका टर्फ विकेटवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर, 40 षटकांचा क्लब सामना होता. तिथे डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला स्वीप मारताना तो पायचीत झाला. चेंडू मिडल स्टंपच्या रेषेत पडला, खाली राहिला, बॅटच्या खालून गेला आणि पुढच्या पॅडवर नडगीवर आदळला. पंचांना विचार करायची गरजच पडली नाही.

बाहेर आल्यावर त्याचं म्हणणं एकच, "बॉल उठलाच नाही ना भाऊ." तंबूतल्या ज्येष्ठांचंही एकच, "आडव्या बॅटनं खेळू नको." दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण त्यातून पुढच्या सामन्यात काय करायचं ते कळत नाही. चेंडू उठला नाही हे दिसतंच. पण तो उठेल असं या फलंदाजाने का धरलं, आणि तो उठो न उठो, बॅटवर यावा म्हणून काय करता आलं असतं, हे तपासायला हवं होतं.

ते तपासता आलं, कारण सामन्याचं चित्रीकरण होतं. स्क्वेअर लेगच्या बाजूला क्रीजच्या रेषेत स्टँडवर एक मोबाइल लावलेला होता आणि तो सेकंदाला 240 चित्रं घेत होता. टप्पा पडल्यावर क्लब दर्जाच्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू साधारण सेकंदाला 16 मीटर वेगाने येतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये तो 7 सेंटिमीटर पुढे सरकतो. एवढ्यात टप्पा कुठे, पाऊल कुठे, बॅट किती उंचीवर हे बऱ्यापैकी मोजता येतं. मोजमापाला पट्टी म्हणून स्टंपची उंची, 71.1 सेंटिमीटर, आणि स्टंपपासून पॉपिंग क्रीजपर्यंतचं अंतर, 1.22 मीटर, ही दोन मापं चित्रात तयारच असतात.

फसवणारा चौकार

आउट होण्याआधी दोन षटकं, त्याच गोलंदाजाला, त्याच टोकाला, त्याने स्वीपवर चौकार मारला होता. तो चेंडू आणि बाद करणारा चेंडू शेजारी ठेवून पाहिले तेव्हा खरी गोष्ट कळली.

चौकाराच्या चेंडूचा टप्पा पॉपिंग क्रीजच्या पुढे 2.10 मीटरवर होता. पुढचं पाऊल क्रीजपासून 55 सेंटिमीटरवर थांबलेलं, आणि बॅट-चेंडूची भेट पावलाच्या आणखी 40 सेंटिमीटर पुढे, म्हणजे क्रीजपासून 95 सेंटिमीटरवर. टप्प्यापासून भेटीपर्यंत चेंडूने 1.15 मीटर अंतर काटलं आणि तेवढ्यात तो सुमारे 34 सेंटिमीटर वर आला. बॅटचा मध्य होता 36 सेंटिमीटरवर. चेंडू बॅटवर नीट बसला.

बाद करणाऱ्या चेंडूत फलंदाजाने काहीही बदललं नव्हतं. पाऊल तिथेच, बॅट त्याच उंचीवर. बदल केला होता तो गोलंदाजाने. त्याने चेंडू जरा जोरात आणि सपाट टाकला, टप्पा अर्ध्या मीटरहून जास्त मागे ओढला आणि रेषा लेग स्टंपवरून मिडलवर आणली. टप्पा पडला 2.65 मीटरवर. म्हणजे भेटीपर्यंत चेंडूला 1.70 मीटर प्रवास, आणि तेवढं अंतर येऊनही उंची फक्त 24 सेंटिमीटर. बॅट 36 वर. मध्ये 12 सेंटिमीटरचा फरक. चेंडू बॅटच्या खालच्या कडेलाही लागला नाही.

पहिला चेंडू दर मीटरला 30 सेंटिमीटर उठला, दुसरा 14. एकाच खेळपट्टीवर, हातभर अंतरावर पडलेले हे दोन चेंडू. काळ्या मातीची खेळपट्टी उन्हात वाळली की तिला भेगा पडतात, कडा सुटतात आणि वरचा थर भुगा होतो. खान्देशातल्या एप्रिलच्या उन्हात तर हे सकाळच्या सत्रातच सुरू होतं. चेंडू घट्ट कपच्यावर पडला तर उठतो, भुग्यावर किंवा भेगेच्या कडेवर पडला तर बसतो. त्यातून सपाट टाकलेला चेंडू मुळातच कमी उठतो, कारण तो जमिनीवर उतरतोच कमी कोनातून. तो चौकार फलंदाजाच्या अंदाजामुळे गेला नव्हता. त्याच्या सवयीच्या उंचीपर्यंत चेंडू आपणहून आला होता.

ही सवय धुळ्याच्या मॅटवरची. मुरुमावर किंवा सिमेंटवर ताणून खिळे मारलेली काथ्याची मॅट चेंडूला पकडते आणि उचलते. या फलंदाजाच्या सरावाच्या जागेवर तेच मोजलं तर फिरकी चेंडू दर मीटरला 33 सेंटिमीटरच्या आसपास उठत होता, आणि महत्त्वाचं म्हणजे जवळपास प्रत्येक चेंडू तेवढाच उठत होता. तिथे गुडघा न टेकता, अर्धवट वाकून, बॅट 36 ते 38 सेंटिमीटरवर फिरवली की चेंडू आपसूक मिळतो. पाऊल आखूड पडलं तरी बिघडत नाही, कारण उसळीचा भरवसा असतो. म्हणजे मॅटवर हा स्वीप चुकीचा नव्हताच, तो त्या पृष्ठभागाला अगदी बेतलेला होता.

आडवी बॅट नेमकं काय देते आणि काय घेते

"आडव्या बॅटनं खेळू नको" हा सल्ला इथे तपासून घेतला पाहिजे, कारण वळणाऱ्या खेळपट्टीवर तो अर्धाच खरा आहे.

बॅटची रुंदी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर. बॅट सरळ धरली की चेंडू वर-खाली झाला तरी पातं उभं असतं, पण डावी-उजवीकडे मिळते ती फक्त ही 10.8 सेंटिमीटरची जागा. चेंडू त्याहून जास्त वळला की कड किंवा हुकणं. बॅट आडवी केली की उलट होतं. वळणासाठी पात्याची जवळपास सगळी लांबी मिळते, वळण किती हा प्रश्न सौम्य होतो, पण उंचीसाठी मात्र तेच 10.8 सेंटिमीटर उरतात. चेंडूचा व्यास 7 सेंटिमीटरच्या थोडा वर असतो, त्यामुळे तो नीट बसायला मध्यापासून वर-खाली तीन-चार सेंटिमीटरचीच सूट असते.

थोडक्यात, स्वीप मारणारा फलंदाज वळणाची जोखीम देऊन उसळीची जोखीम विकत घेतो. चेंडू हातभर वळतोय पण उसळी सारखी आहे, अशा खेळपट्टीवर हा सौदा फायद्याचा. 1987 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वानखेडेवर ग्रॅहम गूचने मणिंदर सिंग आणि रवी शास्त्री या दोन डावखुऱ्या फिरकीपटूंना स्वीप मारमारून 115 धावा केल्या आणि भारत 35 धावांनी हरला. तो उजव्या हाताचा, चेंडू बाहेर वळणारे, म्हणजे वळणाच्या विरुद्ध स्वीप. आपल्या फलंदाजाचीही जोडी तीच होती. 2001 मध्ये मॅथ्यू हेडनने भारतात तीन कसोटींत 549 धावा केल्या त्यातही स्वीपचा वाटा मोठा होता. डावखुरा असल्यामुळे हरभजनचा ऑफस्पिन त्याच्यापासून बाहेर जात होता. मग एप्रिलमधल्या भेगाळलेल्या काळ्या मातीवर हा सौदा तोट्याचा का? कारण तिथे वळणापेक्षा उसळीचा भरवसा कमी असतो. तरीही फटका सोडून द्यावा लागत नाही. त्याची हद्द आखावी लागते.

हद्द: टप्प्यापासून भेटीपर्यंतचं अंतर

वर मोजलेलेच आकडे घेऊ. त्या दिवशी चेंडू दर मीटरला कधी 14, कधी 30 सेंटिमीटर उठत होता. टप्प्यापासून 1.40 मीटरवर चेंडू गाठायचा ठरवला तर तो 20 सेंटिमीटरवर असेल की 42 वर, सांगता येत नाही. 22 सेंटिमीटरचा फरक, म्हणजे बॅटच्या रुंदीच्या दुप्पट. तिथे फटका म्हणजे जुगार. पण 70 सेंटिमीटरवर गाठला तर तो 10 ते 21 च्या मध्येच असणार. फरक 11 सेंटिमीटर. बॅट 15 सेंटिमीटरच्या उंचीवर आणली तर उठलेला आणि बसलेला दोन्ही चेंडू कुठे ना कुठे पात्याला लागतात. बसलेला खालच्या भागाला लागेल, उठलेला वरच्या, फटका गोड नसेल, पण विकेट वाचते.

म्हणजे अशा खेळपट्टीवर लेंथ ओळखायची ती "फुल आहे की गुड लेंथ" अशी नव्हे, तर "मी पूर्ण ताणून गेलो तर टप्प्याच्या पाऊण मीटरच्या आत पोहोचेन का" अशी. आणि हे उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं, कारण ते स्वतःच्या पावलावर अवलंबून आहे.

या फलंदाजाचं पूर्ण ताणलेलं पाऊल, मागचा गुडघा टेकून, क्रीजपासून 85 सेंटिमीटरवर पडतं. सामन्यात ते 55 वर थांबलं होतं. मॅटवर कधी त्याहून पुढे जायची गरज पडलीच नव्हती. पूर्ण पाऊल आणि त्यापुढे 40 सेंटिमीटर धरले तर भेट क्रीजपासून 1.25 मीटरवर. त्यात 70 सेंटिमीटर मिळवले की त्याची हद्द ठरते: टप्पा क्रीजपुढे 1.25 ते 1.95 मीटरच्या मध्ये असेल तरच स्वीप. बाद करणारा चेंडू 2.65 वर पडला होता, म्हणजे हद्दीच्या 70 सेंटिमीटर बाहेर. पूर्ण पाऊल टाकलं असतं तरी तो स्वीपचा चेंडू नव्हता. मागे जाऊन सरळ बॅटने खेळायचा होता. चौकाराचा चेंडूसुद्धा, 2.10 वरचा, हद्दीच्या किंचित बाहेरच होता. हे त्याला पटायला सगळ्यात जड गेलं, कारण चौकार गेलेला चेंडू चुकीचा निवडला होता असं कुणालाच ऐकायला आवडत नाही.

1.25 च्या अलीकडे पडणारा चेंडू वेगळा. तो बॅट आडवी यायच्या आधीच बुटाशी पोहोचतो आणि पात्याखालून जातो. तिथे सरळ बॅटने ड्राइव्ह मारावा किंवा अडवावा.

आता प्रश्न उरतो, सत्तर सेंटिमीटरची पट्टी चालत्या सामन्यात दिसणार कशी? चेंडू हातातून सुटल्यापासून टप्पा पडेपर्यंत पाऊण ते एक सेकंद मिळतो आणि त्यातला पहिला निम्माच निर्णयाला उपयोगी, कारण त्यानंतर पाऊल बदलता येत नाही. म्हणून टप्पा दिसण्याची वाट न बघता हात आणि उंची बघायची. चेंडू सुटल्यावर डोळ्यांच्या पातळीच्या वर गेला आणि मग उतरू लागला तर तो पुढे पडणार. हातातून सरळ खालच्या दिशेने निघाला, वर गेलाच नाही, तर तो सपाट आहे आणि बहुतेक मागे पडणार. पुढे पडलाच तरी घसरत येणार. बाद करणारा चेंडू चित्रात पाहिला तर सुटताक्षणीच खाली निघालेला दिसतो. पण तोपर्यंत फलंदाजाचं डोकं वाकलेलं होतं. स्वीप आधीच ठरला होता.

आधी ठरवणं हा गुन्हा नाही. स्वीप बऱ्याचदा गोलंदाज धावायला लागण्याआधीच मनात धरावा लागतो, नाहीतर खाली बसायला वेळच मिळत नाही. चूक असते ती माघारीची वाट न ठेवण्यात.

बॅटचा कोन

ग्राउंडवर स्वीप शिकवताना सहसा एवढंच सांगितलं जातं: खाली बस आणि फिरव. त्यातून जो फटका तयार होतो त्यात बॅट कमरेच्या उंचीवरून सुरू होते, सपाट फिरते आणि शेवटी खांद्याकडे वर जाते. या फलंदाजाचंही तेच होतं. अशा वाटेने येणारी बॅट चेंडूच्या खालच्या अर्ध्या भागाला लागते आणि चेंडू हवेत जातो. मॅटवर त्याचे जे झेल गेले होते ते याच कारणाने, फक्त तेव्हा दोष "टायमिंग"ला दिला गेला.

बॅट वरून खाली यायला हवी. सुरुवातीला हात उजव्या खांद्याच्या उंचीवर, बॅटचं टोक वर. पुढचं पाऊल पडतं तसं बॅट उतरायला लागते आणि भेटीच्या वेळी ती चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर येते. खाली बसलेल्या स्थितीत हात जमिनीपासून 35 सेंटिमीटरच्या आसपास असतात, आणि चेंडू गाठायचा आहे 15 वर. म्हणजे बॅट जमिनीला अगदी समांतर नसते, हातांकडून टोकाकडे थोडी उतरती असते, साधारण 20 अंश. टोक हातांपेक्षा वर गेलेलं दिसलं तर समजावं की फलंदाज पुरेसा खाली बसलेला नाही, किंवा चेंडू त्याच्या हद्दीबाहेर आहे.

दुसरा कोन पात्याच्या तोंडाचा. भेटीच्या क्षणी तोंड किंचित जमिनीकडे वळलेलं हवं, 15 ते 20 अंश, त्याहून जास्त नाही. मनगट फिरवण्याचा सल्ला सगळे देतात, पण केव्हा फिरवायचं ते सांगत नाहीत. भेटीनंतर. आधी फिरवलं तर तोंड खाली झुकतं आणि चेंडूसमोर उरणारी पात्याची उंची घटते. 20 अंशांवर 10.8 पैकी 10 सेंटिमीटर शिल्लक असते. 60 अंश फिरलं की निम्मी, 5.4 सेंटिमीटर. म्हणजे मुळातच अपुरी असलेली जागा आपण स्वतः अर्धी करतो, वर बॅटची वरची कड पुढे येते आणि टॉप एज उडतो. तो कधी शॉर्ट फाइन लेगच्या डोक्यावरून जातो, कधी फलंदाजाच्या तोंडावर येतो. म्हणून स्वीपच्या सरावाला जाळीचं हेल्मेट घालायलाच हवं, गोलंदाज कितीही मंद असो.

डोकं कुठे आहे हेही चित्रात तपासलं. पुढच्या गुडघ्याच्या वर असायला हवं होतं, ते ऑफच्या बाजूला कलंडलेलं होतं. त्यामुळे शरीराचा तोल ऑफकडे, बॅट शरीरापासून लांब, आणि पुढचा पाय एकटाच मिडल स्टंपसमोर. चेंडूच्या रेषेत पाऊल आणि पावलाच्या पुढे बॅट, असा क्रम असेल तर हुकलेला चेंडू पॅडला ऑफ स्टंपच्या बाहेर लागण्याची शक्यता निदान ऑफच्या चेंडूंवर तरी उरते, आणि खरा फटका खेळत असताना तिथे लागलेल्या चेंडूवर पायचीत देता येत नाही. मिडल स्टंपवर पडून सरळ येणाऱ्या चेंडूला अशी कुठलीच पळवाट नाही. डावखुरा फिरकीपटू राउंड द विकेट येऊन कोनातून आत टाकतो, दहातला एखादा चेंडू वळतच नाही, आणि स्वीपवाल्याला बाद करायला त्याला तेवढा एक पुरतो. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा असेल तर मात्र पायचीतचा प्रश्नच नसतो. या गोलंदाजाविरुद्ध स्वीपची रेषा म्हणून लेग स्टंप आणि त्याबाहेरची निवडावी, मिडल सोडावी.

चेंडू जमिनीवर, आणि हव्या त्या जागी

पहिल्या चौकारानंतर समोरच्या कर्णधाराने डीप स्क्वेअर लेग सीमेवर, स्क्वेअरच्या किंचित मागे नेला आणि शॉर्ट फाइन लेग एकेरी धावेच्या अंतरावर ठेवला. लेगच्या बाजूला पॉपिंग क्रीजच्या मागे यष्टिरक्षक सोडून दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात, म्हणजे त्याचा तो कोटा संपला होता. मोकळी जागा होती स्क्वेअरच्या पुढे, मिडविकेटकडे. फलंदाजाने मात्र पुन्हा तेवढ्याच जोरात, सीमेकडेच बॅट फिरवली.

स्वीपची दिशा बहुतांशी भेट कुठे होते यावर ठरते. चेंडू पुढे, हात लांब करून गाठला तर तो स्क्वेअर किंवा त्याच्याही पुढे जातो. पॅडच्या जवळ येऊ दिला तर बारीक, फाइन लेगकडे. उसळीचा भरवसा नसलेल्या खेळपट्टीवर पुढे गाठणंच बरं, आणि सुदैवाने मोकळी जागाही तिथेच होती. जोर साठ टक्क्यांवर आणला तर डीप स्क्वेअर लेग धावत येईपर्यंत एक धाव सहज होते. आणि जोर कमी केल्याचा खरा फायदा धावेपेक्षा डोक्याला होतो, ते स्थिर राहतं.

नियंत्रण मोजायला सोपी खूण वापरली. फलंदाजाच्या लेगच्या बाजूला, भेटीच्या जागेपासून 3 मीटरवर, चुन्याची अर्धगोल रेघ. स्वीप मारलेल्या चेंडूचा पहिला टप्पा रेघेच्या आत पडला तरच तो धरायचा. रेघेबाहेर पहिला टप्पा म्हणजे क्षेत्ररक्षक जवळ असता तर झेल. सुरुवातीला बॅटवर छान बसलेले, सीमेपार जाणारे बरेच फटके या मापात बाद ठरले, आणि त्याचं त्याला आश्चर्य वाटलं. बॅट वरून यायला लागल्यावर रेघेच्या आतले वाढले.

मॅटवर टर्फचा सराव

खरी अडचण ही की धुळ्यात त्याला सराव मॅटवरच करायचा होता. तिथे चेंडू खाली राहत नाही, मग खाली राहणाऱ्या चेंडूचा सराव कसा करायचा? थ्रो देणाऱ्याने गुडघ्यावर बसून, नऊ-दहा मीटरवरून, खालच्या हाताने सपाट फेकायचं. चेंडू कमी कोनातून उतरतो तेव्हा मॅटही त्याला फारसं उचलू शकत नाही. चेंडू जुना, शिवण बसलेला घ्यायचा. एवढ्याने उसळी टर्फच्या जवळ आली. अगदी तशीच नाही, आणि भेगेवरून बसणारा चेंडू याने तयार होत नाही.

मॅटवर खडूने दोन रेघा ओढल्या, क्रीजपासून 1.25 आणि 1.95 मीटरवर. पहिल्या काही फेऱ्यांत बॅट फिरवायचीच नाही. चेंडू सुटला की फलंदाजाने "हो" किंवा "नाही" ओरडायचं, टप्पा पडायच्या आत. टप्पा कुठे पडला ते दुसऱ्याने बघायचं. सुरुवातीला त्याचा "हो" जवळपास प्रत्येक चेंडूवर यायचा. मग हळूहळू सपाट चेंडूंवर "नाही" वेळेत येऊ लागला. थ्रो देणाऱ्याने मुद्दाम बारा चेंडूंत चार-पाच हद्दीबाहेरचे मिसळायचे, पण ठरावीक क्रमाने नाही.

त्यानंतर माघार. फलंदाज पुढचं पाऊल टाकून अर्धा खाली गेलेला असतानाच चेंडू मागे पडतोय असं कळलं, तर काय करायचं? बॅट आडवी जाऊ न देता हात पुढच्या पॅडच्या समोर आणायचे, बॅट उभी, टोक खाली, पकड सैल. चेंडू बॅटला लागून पायाशी पडतो. दिसायला फटका ओबडधोबड दिसतो. पण हे जमण्यासाठी एक अट असते: बॅट वर, खांद्याशी असायला हवी. ती आधीच सपाट फिरायला लागली असेल तर ती उभी करायला वेळ उरत नाही. उंच बॅकलिफ्टचा हा दुसरा फायदा, आणि या फलंदाजाच्या बाबतीत कदाचित पहिल्यापेक्षा मोठा.

मे महिन्यात त्याच खेळपट्टीवर पुन्हा सामना झाला, तोच डावखुरा गोलंदाज. पहिले आठ चेंडू त्याने स्वीपचा विचार केला नाही, फक्त किती उठतोय ते पाहिलं. मग लेग स्टंपवरचा उंची दिलेला चेंडू आला, पूर्ण पाऊल, गुडघा जमिनीवर, मिडविकेटकडे एक धाव. पुढच्या षटकात गोलंदाजाने मागच्या वेळचाच डाव टाकला, सपाट, मिडलवर, मागे ओढलेला. चित्रात दिसतं की फलंदाजाचा पुढचा पाय गेला आहे, मागचा गुडघा वाकलाय, आणि त्याच क्षणी हात थांबतात. बॅट वरून थेट खाली, पॅडच्या पुढे उभी उतरते. चेंडू पात्याच्या खालच्या टोकाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर लागतो आणि तिथेच मरतो. मागच्या वेळी नेमका याच उंचीचा चेंडू पॅडवर बसला होता. त्या डावात तो पुढे 31 धावांवर धावबाद झाला, स्वीपशी त्याचा संबंध नव्हता.

या प्रकरणातली मापं तशीच्या तशी दुसऱ्या कुणाला लागू होणार नाहीत. उंच फलंदाजाचं पाऊल लांब पडतं आणि त्याची हद्द पुढे सरकते. पावसाळ्यानंतर, ओल धरून ठेवलेल्या आणि नीट रोलर फिरवलेल्या काळ्या मातीवर चेंडू खालीच राहतो, पण सारखा राहतो. तिथे पट्टी 70 सेंटिमीटरऐवजी मीटरभरापर्यंत ताणता येते. ऑफस्पिनरपुढे उजव्या हाताच्या फलंदाजाचा स्वीप वळणाच्या दिशेने जातो, वरची कड लागण्याचा धोका कमी, पण ऑफवर पडून आत येणारा चेंडू पॅडवर स्टंपसमोर सापडतो, म्हणून तिथे पाऊल ऑफ स्टंपच्या बाहेर नेण्याला जास्त किंमत आहे.

आणि मॅटवर खेळताना त्याने जुना, अर्धवट वाकून मारायचा स्वीप सोडायची गरज नाही. तिथे उसळी सारखी असते आणि तो फटका तिथे धावा देतो. फक्त बॅट वरून आणायची सवय दोन्हीकडे एकच ठेवायची. सामना कुठल्या पृष्ठभागावर आहे हे आदल्या दिवशी विचारून घ्यायचं, आणि टर्फ असेल तर सकाळी वॉर्म-अपला खेळपट्टीशेजारच्या पट्टीवर गुडघा टेकून दहा-बारा चेंडू खेळून घ्यायचे, म्हणजे पाऊल 85 पर्यंत जातंय का हे सामन्याआधी कळतं.